बादलीचे मशीन धुताना पहिले पाणी किती गरम असावे, आणि पावडर व ॲसिड यांचा क्रम कसा असावा?

कागल_गोठा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चार मुऱ्हा म्हशी आणि तीन संकरित गाई असून सर्वांच्या धारा एकाच बादलीच्या मशीनवर काढल्या जातात. धारा झाल्यावर चुलीवरचे उकळते पाणी क्लॉमधून आणि नळ्यांमधून सोडायचे, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ब्रशने घासायचे आणि शेवटी थंड पाण्याने खळबळून काढायचे, अशी आमची पद्धत आहे. एवढे करूनही क्लॉच्या आत निळसर झाक येते आणि उन्हात धरले की ती इंद्रधनुष्यासारखी चमकते. बादलीच्या झाकणाच्या रबराला आंबूस वास येतो. संध्याकाळच्या दुधाबद्दल संस्थेत काही तक्रार नाही. सकाळचे दूध मात्र टिकत नाही, असे सचिवांनी सांगितले आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिले पाणी नेमके किती गरम असावे? आणि दुकानदाराने पावडरीबरोबर ॲसिडचा कॅनही घ्यायला सांगितला आहे, तर ते आधी वापरायचे की नंतर?

पन्हाळा_म्हशी

दादा, तुमची पद्धत मुळात बरोबर आहे, कारण उकळत्या पाण्यासारखे जंतू मारणारे दुसरे काही नाही. उलट सोडा आणि ॲसिड यांच्या नादी न लागता उकळते पाणीच दोनदा सोडा. आमच्या घरी दुधाचे पितळी भांडे आजी आधारणाच्या पाण्यानेच धूत असे आणि त्यात दूध कधी नासले नाही.

दुग्धतंत्र_करवीर

उकळत्या पाण्याने जंतू मरतात हे खरे आहे, परंतु ते पाणी कोणत्या पृष्ठभागावर पडते यावर सगळे अवलंबून असते. मी दूध संकलनाच्या क्षेत्रात काम करतो आणि गोठ्यांवर जाऊन मशीन उघडून पाहणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धार संपल्यावर मशीनच्या आत जे दूध चिकटून राहते त्यात स्निग्धांश आणि प्रथिने असतात, आणि उष्णतेला दोघांचा प्रतिसाद परस्परविरुद्ध असतो. स्निग्धांश साधारण ३७ ते ४० अंशांच्या वर पूर्ण पातळ होतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. थंड पाणी घातले तर तो गोठून लायनरच्या आतल्या भिंतीला धरून बसतो. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असल्यामुळे आपल्याकडे हा त्रास अधिक जाणवतो. याउलट दुधातील काही प्रथिने ६५ ते ७० अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतात आणि स्टीलला, रबराला चिकटतात. पहिलेच पाणी उकळते घातले की तुम्ही ते दूध आतल्या बाजूला शिजवून बसवता. क्लॉमधली निळसर झाक बहुतेक वेळा याच शिजलेल्या प्रथिनांची असते. रोज एक पातळ पापुद्रा चढतो आणि त्याच्या आड जंतू सुरक्षित राहतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कितीही कडक पाणी सोडले तरी ते त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

म्हणून पहिले पाणी कोमट, म्हणजे ३८ ते ४३ अंशांच्या दरम्यान असावे. ते साबण किंवा पावडर न घालता मशीनमधून ओढून घ्यावे आणि बाहेर पडणारे पाणी दुधाळ न दिसता स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवावे. एकदा वापरलेले हे पाणी पुन्हा फिरवू नये, कारण त्यात दूध असते.

एक गोष्ट विचारायची आहे. संध्याकाळी धारा झाल्यावर तुम्ही मशीन लगेच धुता, की आधी संस्थेत दूध घालून येता?

कागल_गोठा

संध्याकाळी आधी दूध घालायला जातो, कारण उशीर झाला की रांग वाढते. परत येऊन मशीन धुवायला तासभर तरी जातो. सकाळी मात्र वडील घरी असल्याने धारा संपताच ते धुतात. यावरून सकाळच्याच दुधाची तक्रार का येते, याचा काहीसा उलगडा होतो आहे.

दुग्धतंत्र_करवीर

होय, तोच धागा मला शोधायचा होता. संध्याकाळी नळ्यांमध्ये दूध सुकते, त्यावर उकळते पाणी पडते, रात्रभर ते ओलसर मशीन तसेच राहते आणि पहाटेचे दूध त्यातूनच जाते. संध्याकाळच्या दुधाआधीचे धुणे वेळेवर होत असल्यामुळे ते वाचते. सगळी धुलाई त्याच वेळी करणे शक्य नसेल, तर निदान कोमट पाण्याची पहिली बादली ओढून घेऊन मगच दूध घालायला जा. त्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पावडरीचे काम परत आल्यावर केले तरी चालेल.

राधानगरी_ताई

आम्हीसुद्धा धारेच्या आधी म्हशीची कास कोमट पाण्याने धुतो आणि स्वच्छ फडक्याने पुसतो. थंडीत पाणी जास्त गरम असेल तर म्हैस पान्हा चोरते का? आमची एक म्हैस अलीकडे अशीच करते आहे.

दुग्धतंत्र_करवीर

ताई, इथे धारेनंतर मशीन धुण्याच्या पाण्याविषयी चर्चा चालू आहे. कासेसाठी हाताला सुखद वाटेल इतकेच कोमट पाणी ठेवा, आणि पान्हा चोरण्याविषयी स्वतंत्र धागा काढलात तर तिथे अनुभवी लोक नक्की लिहितील.

कागल_गोठा

कोमट पाण्याचे समजले. परंतु आमच्याकडे थर्मामीटर नाही. चुलीवर पाणी उकळते एवढेच कळते. ४० अंश कसे ओळखायचे? आणि पावडरीच्या पाण्याला किती उष्णता लागते?

दुग्धतंत्र_करवीर

थर्मामीटर घ्याच, तो फार महाग नसतो. तोपर्यंत मापाने मिसळून काम भागेल. कोल्हापूर परिसरात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. हौदातले पाणी २५ अंशांच्या आसपास असेल, तर दोन लिटर उकळते आणि आठ लिटर साधे पाणी मिसळल्यावर दहा लिटर पाणी जवळपास ४० अंशांचे होते. डिसेंबर-जानेवारीत हौदाचे पाणी २० अंशांपर्यंत उतरते, तेव्हा उकळते पाणी अडीच लिटर आणि साधे साडेसात लिटर घ्यावे.

पावडरीच्या पाण्यासाठी हेच प्रमाण उलटे होते. सात लिटर उकळते आणि तीन लिटर साधे पाणी मिसळले की सुमारे ७५ अंशांचे दहा लिटर पाणी मिळते. अल्कली पावडरीचे मात्रापत्रक डब्यावर असते आणि तेच पाळावे. बऱ्याच पावडरींची मात्रा दहा लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास असते. हे पाणी व्हॅक्युमने ओढून आठ ते दहा मिनिटे फिरवायचे. लोकांचे लक्ष सुरुवातीच्या उष्णतेकडे असते, पण खरी कसोटी शेवटच्या उष्णतेची आहे. थंड स्टीलची बादली आणि गार पडलेल्या नळ्या पाण्याची उष्णता झपाट्याने खातात. पाणी ४० ते ४५ अंशांच्या खाली गेले की सुटलेला स्निग्धांश आणि माती पुन्हा मशीनला चिकटू लागते. त्यामुळे दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटे फिरवले म्हणजे जास्त स्वच्छ झाले, हा समज चुकीचा आहे. पाणी गार होण्याच्या आत ते काढून टाकावे.

या पाण्यात हात घालू नका. मशीनमधून फिरवायच्या पावडरी बहुधा कडक असतात, म्हणून रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा. ब्रशने घासायचे सुटे भाग हाताला सोसेल अशा पाण्यात आणि हाताने धुण्यासाठी असलेल्या पावडरीने वेगळे धुवावेत.

हातकणंगले_दूध

पाणी ओढताना एक युक्ती मी सांगतो. चारही कप पाण्यात बुडवून ठेवले तर नळी पाण्याने शांतपणे भरून वाहते आणि आत काहीच घासले जात नाही. कप पाण्यातून थोडा वेळ वर काढायचे, पुन्हा बुडवायचे, असे केल्याने हवा आणि पाणी आलटून-पालटून जाते आणि पाण्याचे लोटच्या लोट नळीच्या भिंतीवर आदळतात. फरक हाताला जाणवतो, नळी थरथरते.

दुसरी सूचना अशी की भांडी धुण्याचे फेसाळ लिक्विड यासाठी अजिबात वापरू नये. एका ओळखीच्या गोठ्यावर ते वापरले होते आणि फेस बादलीतून वर चढून झाकणातून व्हॅक्युमच्या नळीत गेला. मधल्या ट्रॅपमध्ये पाणी भरले आणि पंपापर्यंत ओल पोहोचली. घरी धुण्याची जी पावडर असते तिचाही फेस आणि सुगंध मशीनला परवडत नाही.

दुग्धतंत्र_करवीर

दोन्ही मुद्दे अगदी योग्य आहेत. पल्सेटर तर पाण्यात बुडवूच नये. धुण्यापूर्वी झाकण सुटे करताना त्याची हवेची नळी काढून तो बाजूला ठेवावा आणि फक्त ओल्या फडक्याने पुसावा.

शिरोळ_मळा

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे कूपनलिकेचे पाणी इतके क्षारयुक्त आहे की बंबात पांढरी खपली बसते. सुरुवातीपासून आम्ही पहिले पाणी कोमटच घेतो, त्यामुळे निळसर झाक कधी आली नाही. परंतु क्लॉच्या काचेवर आणि बादलीच्या तळाला खरखरीत पांढरा थर चढतो. नखाने खरवडला तर पीठ निघते. धुण्याचा सोडा वाढवून पाहिला, तर थर कमी होण्याऐवजी वाढला.

दुग्धतंत्र_करवीर

सोडा वाढवल्यावर थर वाढणे स्वाभाविक आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ तयार होतो आणि तोच मशीनवर बसतो. त्यात दुधातले कॅल्शियम फॉस्फेट मिसळले की त्याचा कडक मिल्कस्टोन बनतो. तो अल्कलीने निघत नाही, त्याला ॲसिडच लागते. तयार अल्कली पावडरीत पाण्यातले क्षार धरून ठेवणारे घटक घातलेले असतात. ते नुसत्या सोड्यात नसतात, त्यामुळे साधा सोडा स्वस्त वाटला तरी शिरोळसारख्या भागात तो महागात पडतो.

थर कसला आहे हे नीट पाहिल्यावर कळते. भांडे उलटे करून पाणी निथळू द्यावे. पाणी सलग पापुद्र्यासारखे उतरून गेले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, आणि थेंब थेंब अडकून राहिले तर स्निग्धांश शिल्लक आहे. निळसर चमक असेल तर प्रथिने, आणि कोरड्यावर दिसणारा पांढरा खरखरीतपणा असेल तर क्षार. प्रथिनांवर क्लोरीनयुक्त अल्कली पावडर चांगले काम करते, कारण त्यातील क्लोरीन प्रथिनांचा पापुद्रा तोडते. कागलच्या दादांनी बसलेली झाक काढण्यासाठी तीच आणावी आणि कोमट पाण्याचा पहिला टप्पा न चुकता करून दोन आठवडे वापरून पाहावी. एका धुण्यात जुना पापुद्रा जाणार नाही.

कागल_गोठा

म्हणजे क्रम असा झाला की आधी कोमट पाणी, मग कडक अल्कली, मग साधे पाणी आणि शेवटी ॲसिड. परंतु क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एकाच वेळी मिसळून वेळ वाचवता येईल का? ॲसिडही शेवटी साफच करते.

दुग्धतंत्र_करवीर

अजिबात नाही. हे एक वाक्य तुम्ही आणि घरातल्या सगळ्यांनी पक्के लक्षात ठेवावे, कारण यात जिवाला धोका आहे. क्लोरीनयुक्त पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद गोठ्यात हा वायू श्वासाबरोबर गेला की छाती भरून येते आणि माणूस गुदमरतो. दोघांचे डबे शेजारी ठेवू नका, एकाच बादलीत एकामागोमाग घालू नका, एकाचे माप दुसऱ्याला वापरू नका. अल्कलीचे पाणी पूर्ण काढून टाकावे, मशीनमधून भरपूर साधे पाणी ओढावे, मगच वेगळ्या बादलीत पातळ केलेले ॲसिड घ्यावे. ॲसिड पातळ करताना आधी पाणी आणि मग त्यात ॲसिड, हाच क्रम ठेवावा.

मधले धुणे आणखी एका कारणासाठी काटेकोर असावे. अल्कलीचा अंश नळीत राहिला तर तो दुधात उतरतो, आणि दुधात सोडा मिसळल्याचा संशय येऊ शकतो. नाहक बदनामी होण्यापेक्षा एक बादली पाणी जास्त गेलेले बरे.

पन्हाळा_म्हशी

साहेब, पहिल्या पाण्याबद्दलचे पटले. पण मग माझे म्हणणे अगदीच चूक होते असेही नाही ना? शेवटी कडक पाणी सोडले तर जंतू मरतीलच.

दुग्धतंत्र_करवीर

स्वच्छ झालेल्या मशीनवर शेवटी कडक पाणी सोडले तर त्याचा उपयोग होतो, तुमचे तेवढे म्हणणे बरोबर आहे. परंतु उकळते पाणी चुलीवरून नळीत जाईपर्यंत ८० अंशांच्या खाली येते, आणि वारंवार उकळते पाणी गेल्याने रबरी लायनर लवकर फुगतात व भेगाळतात. त्यापेक्षा धारेपूर्वी हायपोक्लोराइटचे पातळ पाणी ओढलेले सोपे पडते. चार टक्के हायपोक्लोराइट असेल तर दहा लिटर साध्या पाण्याला ५० मिली घेतल्यावर २०० पीपीएम क्लोरीन मिळते. धारेच्या अर्धा तास आधी ते मशीनमधून ओढून पूर्ण निथळू द्यावे. रात्रभर त्यात भाग भिजवून ठेवू नयेत, कारण स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात आणि रबर काळे सुटू लागते. बाटली उघडून बरेच दिवस झाले असतील किंवा ती उन्हात राहिली असेल तर आतली ताकद कमी झालेली असते, हे लक्षात घ्यावे.

राधानगरी_ताई

आमच्याकडे ओढ्याचे पाणी मऊ आहे, साबण लगेच फेसाळतो. मग आम्हाला ॲसिडची गरज नाही असे समजावे का?

शिरोळ_मळा

ताई, माझ्या मते आठवड्यातून एकदा तरी घ्यावेच, कारण दुधातलेच क्षार थर बनवतात. आम्ही एक दिवसाआड घेतो आणि आता क्लॉची काच आरपार दिसते. परंतु आमच्याच गावात काही जण रोज घेतात आणि त्यांचे म्हणणे असे की शेवटी सौम्य ॲसिड सोडल्याने रात्रभर जंतू वाढत नाहीत.

दुग्धतंत्र_करवीर

रोज घ्यायचे की आठवड्याने, याबाबत मी एकच उत्तर देणार नाही. मऊ पाण्यात आठवड्यातून एकदा पुरे होते आणि क्षारयुक्त पाण्यात एक दिवसाआड लागते, एवढे मी पाहिले आहे. रोजच्या सौम्य ॲसिडचा फायदा तत्त्वतः बरोबर आहे, पण रबराचे आयुष्य आणि खर्च यांचा हिशोब प्रत्येकाने आपापल्या गोठ्यावर करावा. तसेच लायनर किती धारांनंतर बदलता, हे कोणीच लिहिलेले नाही. साध्या रबरी लायनरसाठी साधारण २५०० धारा ही मर्यादा सांगतात. त्यानंतर आतून सूक्ष्म भेगा पडतात आणि कितीही उत्तम क्रमाने धुतले तरी त्या भेगांतले दूध निघत नाही.

कागल_गोठा

मी मोजून पाहिले. सात जनावरे आणि दिवसाला दोन धारा म्हणजे दिवसाला चौदा, त्यामुळे २५०० धारा जेमतेम सहा महिन्यांत भरतात. आमचे लायनर मशीन आणल्यापासून तेच आहेत, आणि त्याला दीड वर्ष होऊन गेले.

आज संध्याकाळपासून कोमट पाणी आधी ओढून मगच दूध घालायला गेलो आहे. झाकणाचे रबर खाचेतून काढले तेव्हा मागच्या बाजूला पिवळसर चिकट थर निघाला. आजवर आम्ही ते रबर काढून कधी पाहिलेच नव्हते. नवे लायनर आणि क्लोरीनची पावडर उद्या आणतो आणि पंधरा दिवसांनी सकाळच्या दुधाचे काय झाले ते इथेच लिहितो.

हातकणंगले_दूध

झाकणाच्या आतली एकमार्गी झडपसुद्धा सुटी करून पाहा. रबरामागे थर होता, तर तिथेही तो असण्याची दाट शक्यता आहे, आणि ती झडप चिकटली की बादलीतला व्हॅक्युम कमी-जास्त होतो.